बारा वर्षं मोजायची ती कुठून? एका शेतजमिनीच्या दाव्याची गोष्ट

दिवाणी कोर्टात जमिनीचे दावे चालवताना एक वाक्य वारंवार कानावर येतं: "वकीलसाहेब, बारा वर्षं झाली की जमीन आपली." वाक्यातला बारा हा आकडा बरोबर आहे. बहुतेकांची गफलत होते ती मोजणी कुठून सुरू करायची त्यात. पुढचं प्रकरण अशाच मोजणीचं आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून नावं, गाव आणि काही तपशील गाळले आहेत. जमीन कसणाऱ्या कुटुंबातल्या वडिलांना इथे आबा म्हटलं आहे आणि मूळ मालकांना अण्णा. माझा अशील आबांचा मुलगा.

पार्श्वभूमी

अण्णांच्या नावावर एक गट होता. आबांचा गट त्याला लागून, मध्ये फक्त बांध. 1993 साली अण्णा नोकरीसाठी कुटुंबासह शहरात गेले. जाताना त्यांनी आबांना सांगितलं, "जमीन पडीक ठेवू नका, तुम्हीच कसा. पिकेल त्यातलं थोडं आम्हाला द्या." लिहिलेलं काहीच नव्हतं. दोघांनाही त्याची गरज वाटली नाही. आबा जमीन कसू लागले आणि वर्षाकाठी अण्णांना वाटा पोचवू लागले.

2001 मध्ये अण्णा वारले. फेरफार होऊन सातबाऱ्यावर त्यांची पत्नी, मुलगा आणि मुलगी अशी वारसांची नावं लागली. वाटा देणं हळूहळू बंद पडलं. वारसांनी मागितला नाही, आबांनीही दिला नाही. 2006 मध्ये आबांनी अण्णांच्या गटात विहीर खोदली आणि तिन्ही बाजूंनी तारेचं कुंपण घातलं. त्याच सुमारास अण्णांची मुलगी जमीन बघायला आली. "आता ही जमीन आमची आहे, पुन्हा येऊ नका," असं आबांनी तिला सांगितलं, असं माझ्या अशिलाचं म्हणणं. असं काही बोलणंच झालं नाही, असं तिचं म्हणणं.

2014 मध्ये आबांनी तलाठ्याकडे अर्ज केला. ही जमीन वीस वर्षांपासून आपल्याच मालकीची असून सातबाऱ्यावर आपलं नाव लावावं, असं त्यात होतं. वारसांना नोटीस गेली आणि त्यांनी हरकत घेतली. मालकी ठरवणं आपलं काम नाही, दिवाणी कोर्टात जा, असं सांगून तहसीलदारांनी 2015 मध्ये अर्ज निकाली काढला. त्यानंतर दोन्ही बाजू स्वस्थ बसल्या. 2016 मध्ये आबा गेले आणि जमीन त्यांचा मुलगा, म्हणजे माझा अशील, कसू लागला.

प्रश्न कसा उभा राहिला

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ऑगस्ट 2019 मध्ये रवींदर कौर ग्रेवाल विरुद्ध मनजीत कौर हा निकाल दिला. प्रतिकूल कब्जा, म्हणजे मालकाचा हक्क झुगारून उघडपणे ठेवलेला कब्जा, हे तोवर फक्त बचावाचं हत्यार समजलं जात होतं. मालकाने दावा लावला तर कब्जेदार त्याचा आधार घेई, पण त्यावरून स्वतः दावा लावता येत नाही असं 2013 च्या एका निकालाने सांगितलं होतं. 2019 च्या निकालाने ती अडचण दूर केली. ज्याची बारा वर्षं पूर्ण झाली आहेत तो आता वादी म्हणूनही कोर्टात येऊ शकतो.

अशिलाने ही बातमी ऐकली आणि त्याला वाटलं आपलं काम झालं. तो एका वकिलाकडे गेला. त्या वकिलाने मे 2022 मध्ये वारसांना नोटीस पाठवली: आमच्या कुटुंबाचा 1993 पासून अखंड कब्जा आहे, आमची मालकी मान्य करा, नाहीतर कोर्टात येतो.

सात वर्षं झोपलेल्या वारसांना जागं केलं ते या नोटिशीने. ऑगस्ट 2022 मध्ये त्यांनीच दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या कोर्टात मालकीच्या आधारे कब्जा मागणारा दावा लावला. पहिल्या वकिलाने कैफियत, म्हणजे दाव्याला आमच्या बाजूचं लेखी उत्तर, दाखल केली. 2023 मध्ये अशील कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आला.

कागद काय सांगत होते

अशा वेळी मी कायद्याचं पुस्तक नंतर उघडतो. आधी कागद तारखेप्रमाणे लावतो. इथे तीन कागदांनी सगळा रंग बदलला.

पहिला सातबारा. 1993 पासून 2013 पर्यंतच्या पीकपाहणीत कसणाऱ्याच्या जागी "खुद्द" असा शेरा होता. म्हणजे सरकारी दप्तराप्रमाणे जमीन मालक स्वतःच कसत होते. आबा प्रत्यक्षात राबत होते हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण दप्तरात त्याची खूण नव्हती. पीकपाहणीच्या नोंदीने मालकी ठरत नाही हे खरं. तरी कब्जा उघड होता असं म्हणणाऱ्या माणसाला वीस वर्षांचा "खुद्द" हा शेरा जड जातो.

दुसरा कागद म्हणजे आमचीच कैफियत. तिच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की अण्णांनी 1993 मध्ये ही जमीन आबांना तोंडी विकली. सातव्या परिच्छेदात लिहिलं होतं की आमचा कब्जा वादींच्या मालकीला प्रतिकूल आहे. ही दोन विधानं एकमेकांच्या गळ्यावर बसतात. प्रतिकूल कब्जा म्हणायचं तर आधी कबूल करावं लागतं की जमीन समोरच्याची होती आणि मी तिच्यावर त्याच्या हक्काला झुगारून बसलो. जमीन मी विकत घेतली असं म्हणणारा माणूस त्याच तोंडाने ती दुसऱ्याची होती असं म्हणू शकत नाही. शिवाय शेतजमिनीची तोंडी विक्री कायद्यात टिकत नाही, त्यामुळे तिसऱ्या परिच्छेदाने मिळालं काहीच नाही, गेलं मात्र बरंच.

तिसरा कागद आमच्या पिशवीत नव्हताच, तो वादींनी दाखल केला. मार्च 2011 मध्ये आबांनी अण्णांच्या मुलाला पाठवलेलं एक पानी पत्र. "तुमच्या जमिनीत आम्ही विहिरीचा आणि कुंपणाचा खर्च केला आहे. तुम्हाला विकायची असल्यास भाव कळवा, आम्हीच घेऊ." खाली आबांची सही. मी अशिलाला विचारलं, सही वडिलांची आहे का? तो बराच वेळ पत्राकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हो. अक्षर पण त्यांचंच."

बारा वर्षं कुठून मोजायची

मुदतीचा कायदा 1963 चा. त्यातल्या अनुच्छेद 65 प्रमाणे मालकाने मालकीच्या आधारे कब्जा परत मागायची मुदत बारा वर्षं आहे. हे घड्याळ सुरू होतं प्रतिवादीचा कब्जा वादीला प्रतिकूल होतो त्या दिवशी. प्रतिवादी जमिनीवर आला तो दिवस इथे गौण आहे. मुदत संपली की कलम 27 लागू होतं आणि मालकाचा नुसता दावा लावण्याचा अधिकार नव्हे, तर जमिनीवरचा हक्कच संपतो. या कलमामुळेच हे प्रकरण इतकं धारदार आहे. जमीन सरकारी असेल तर मुदत तीस वर्षांची, पण आपला वाद खासगी जमिनीचा.

1963 च्या आधीच्या, म्हणजे 1908 च्या कायद्यात गोष्ट वेगळी होती. ज्याला जमिनीवरून हुसकावून लावलं त्या मालकालाच आपण गेल्या बारा वर्षांत कब्जात होतो हे सिद्ध करावं लागे. आता मालकाने मालकी दाखवली की त्याचं काम संपतं. कब्जा कधी, कसा, कुणाच्या माहितीत प्रतिकूल झाला हे सगळं ओझं कब्जेदारावर येतं. कर्नाटक वक्फ बोर्डाच्या 2004 च्या निकालात त्याची यादीच आहे: कब्जात कोणत्या तारखेला आलात, कोणत्या स्वरूपाने आलात, समोरच्याला ते ठाऊक होतं का, किती काळ चाललं आणि ते उघड व विनाअडथळा होतं का.

आता आमच्या तारखा या चाळणीतून काढू.

1993. आबा अण्णांच्या सांगण्यावरून जमिनीवर आले. परवानगीने आलेल्या माणसाचा कब्जा मालकाच्या वतीने असतो. तो कितीही वर्षं चालला तरी आपोआप प्रतिकूल होत नाही. 1993 बाद.

2001. वाटा बंद झाला. पण वाटा न देणं म्हणजे मालकी नाकारणं नव्हे. उधारी थकवणारा माणूस दुकान आपलं आहे असं म्हणत नाही. त्या वर्षी आबांनी मालकी नाकारणारं काही केल्याचा पुरावा नव्हता. 2001 बाद.

2006. इथे आमचा जीव होता. विहीर, कुंपण आणि "पुन्हा येऊ नका" हे वाक्य. हे सिद्ध झालं असतं आणि मध्ये काही आड आलं नसतं, तर 2018 मध्ये बारा वर्षं भरली असती आणि 2022 चा दावा मुदतबाह्य ठरला असता.

पण मध्ये 2011 चं पत्र होतं. पाच वर्षं प्रतिकूल कब्जा चालला असं धरलं तरी त्या पत्रात आबांनी जमीन "तुमची" म्हटलं आणि भाव विचारला. मालकी मान्य करणारा माणूस त्याच वेळी ती नाकारत नसतो, त्यामुळे 2006 पासूनची मोजणी तिथेच मोडली. पत्राच्या दुसऱ्याच दिवसापासून पुन्हा मोजायला घेतलं (तसं घ्यायला आधार काही नव्हता) तरी बारा वर्षं भरतात मार्च 2023 मध्ये. दावा ऑगस्ट 2022 चा.

2014. तलाठ्याकडचा अर्ज मात्र खरोखर प्रतिकूल होता. मालकी लेखी सांगितली, वारसांना नोटीस गेली, त्यांनी हरकत घेतली, म्हणजे त्यांना ते कळलं होतं यात शंका नाही. इथून बारा वर्षं भरणार होती 2026 मध्ये.

मध्येच आबा वारले, याने मात्र काही बिघडलं नाही. वडिलांचा कब्जा मुलाकडे अखंड आला तर वर्षं जोडली जातात. मालकाकडची नावं बदलली म्हणूनही घड्याळ नव्याने सुरू होत नाही.

तोललेले पर्याय

मी अशिलाला तीन वाटा सांगितल्या.

पहिली, कैफियत दुरुस्त करून 2006 वर लढायचं. साक्षीपुरावा सुरू झालेला नव्हता, त्यामुळे दुरुस्तीला वाव होता. पण जुनं विधान खोडलं तरी ते रेकॉर्डवर राहतं आणि उलटतपासणीत समोरचा वकील ते वाचून दाखवतोच. 2011 चं पत्र तडजोडीच्या बोलण्यातलं आहे, म्हणून पुराव्यात येऊ नये, असा युक्तिवादही मनात होता. मात्र ते संरक्षण मिळायला हे पुराव्यात वापरलं जाणार नाही अशी अट पत्रात तरी असावी लागते, किंवा दोघांत तसं ठरलं होतं असं परिस्थितीवरून दिसावं लागतं. आबांच्या पत्रात तसा शब्द नव्हता, आणि तेव्हा वादही उभा नव्हता.

दुसरी, आपण वाटा देऊन कसणारे कूळ होतो असं म्हणायचं. गावातल्या एका जाणकाराने अशिलाच्या डोक्यात ते भरवलं होतं. कुळाचा मुद्दा निघाला तर दिवाणी कोर्ट तो कूळ कायद्याच्या अधिकाऱ्याकडे पाठवतं आणि दावा काही वर्षं लांबतो. लांबवणं हाच हेतू असेल तर ठीक, पण कूळ म्हणजे मालकाच्या संमतीने कसणारा. ते म्हटलं की प्रतिकूल कब्जा कायमचा संपला. शिवाय आधी खरेदीदार, मग प्रतिकूल कब्जेदार आणि आता कूळ असे तीन अवतार एका माणसाने घेतले तर न्यायाधीश कोणत्यावर विश्वास ठेवतील? ही वाट मी नाकारली.

तिसरी, तडजोड. विहिरीच्या भागासह काही क्षेत्र रीतसर विकत घ्यायचं, बाकी सोडायचं. मला ही सगळ्यात शहाणपणाची वाटली. अशिलाला नाही वाटली. "तीस वर्षं राबलो, आणि आता पैसे मोजू?" यात कायदा नव्हता, पण राग खरा होता.

काय केलं

आम्ही पहिल्या वाटेने गेलो. कैफियतीतला तोंडी विक्रीचा भाग काढून 2006 पासूनचा प्रतिकूल कब्जा तारखेसह मांडला, तो दुरुस्ती अर्ज मंजूर झाला. विहीर खोदणारा माणूस साक्षीला आला. विहीर 2006 ची आहे हे त्याने ठामपणे सांगितलं. पण मुलीशी काय बोलणं झालं ते त्याने ऐकलं नव्हतं. शेजारच्या शेतकऱ्याने ते ऐकल्याचं सांगितलं, मात्र उलटतपासणीत त्याने वर्ष 2006 ऐवजी "2008 असेल, नाहीतर 2009" असं म्हटलं.

अशील स्वतः पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा समोरच्या वकिलांनी त्याला फक्त तीन प्रश्न विचारले. पत्र तुमच्या वडिलांचं आहे का? कैफियतीत आधी विकत घेतली असं लिहिलं होतं का? 1993 साली जमिनीवर कुणाच्या सांगण्यावरून आलात? तिन्हींची उत्तरं प्रामाणिक होती. खोटं बोल असं मी कधीच सांगितलं नसतं, आणि त्यानेही तसा प्रयत्न केला नाही.

निकाल

2024 मध्ये कोर्टाने वारसांच्या बाजूने कब्जाचा हुकूमनामा दिला. सुरुवात परवानगीने झाली, 2006 ला मालकी नाकारल्याचं पुराव्यात उतरलं नाही, आणि उतरलं असतं तरी 2011 च्या पत्राने ते संपलं, अशी कारणं होती. 2014 चा अर्ज प्रतिकूल होता हे कोर्टाने मान्य केलं, पण दावा त्यानंतर आठ वर्षांतच आला होता.

आम्ही जिल्हा न्यायालयात अपील केलं आणि हुकूमनाम्याला स्थगिती मिळवली. अपील चालू असताना अशील स्वतःहून तडजोडीवर आला. 2025 मध्ये विहिरीसह 30 आर क्षेत्र वारसांनी त्याला नोंदणीकृत खरेदीखताने विकलं आणि उरलेलं क्षेत्र त्याने पिकाचा हंगाम संपल्यावर सोडलं. 30 आर हा आकडा वाटाघाटीत सहज पडलेला नव्हता. त्याहून लहान तुकडा पाडायचा तर तुकडेबंदी कायदा आडवा येईल की काय, ही धास्ती होती, म्हणून मोजणी करून घेतली आणि मगच खत केलं.

वेगळं काय करता आलं असतं

मला सगळ्यात जास्त खटकते ती मे 2022 ची नोटीस. 2014 चं घड्याळ चालू होतं आणि वारसांनी हलायची चिन्हं नव्हती. त्या नोटिशीने मालकांना जाग आणली आणि चार वर्षं आधी दावा ओढवून घेतला. नोटीस काढायच्या आधी कुणी कागद तारखेप्रमाणे लावले असते, तर 2014 पासूनचं घड्याळ आठव्या वर्षातच आहे हे एका संध्याकाळी दिसलं असतं. नैतिकदृष्ट्या बारा वर्षं गप्प बसून जमीन मिळवणं योग्य का, हा वेगळा प्रश्न आहे. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच एका निकालात हा कायदा अतार्किक म्हटला होता आणि केंद्राला फेरविचार करायला सांगितलं होतं. 2023 मध्ये विधी आयोगाने मात्र तो बदलू नये असा अहवाल दिला. माझं स्वतःचं मत 2008 च्या बाजूचं आहे, पण कोर्टात कायदा आहे तसाच चालतो.

वारसांच्या बाजूनेही चूक जवळपास महागात पडली होती. 2014 ला हरकत घेतली म्हणजे आपलं काम झालं असं ते समजून बसले. तहसीलदाराकडच्या हरकतीने मुदत थांबत नाही, नोटीस पाठवल्यानेही थांबत नाही. ती थांबते दिवाणी दावा दाखल झाल्याने, किंवा जमीन खरोखर परत हातात आल्याने. त्यांचा दावा आणखी चार वर्षं आला नसता, तर कलम 27 ने त्यांचा हक्क संपण्याची वेळ आली असती.

आणि 1993 चं काय? तेव्हा दोन ओळींचा कागद केला असता, "ही जमीन मी तुम्हाला फक्त कसायला देत आहे, मालकी माझी", दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार, तर हा दावा उभाच राहिला नसता. अण्णा हयात असते तर त्यांनी असा कागद मागितला असता का, असं मी त्यांच्या मुलाला खरेदीखताच्या दिवशी विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "बाबा? आबांकडून कागद? शक्यच नाही."